हातातोंडाशी आलेलं नाणं

मोबाइलवर 'सबवे सर्फर्स' खेळणारं मूल पाहिलं नसेल, असा श्रोता या सभागृहात क्वचितच असेल. रुळांवरून पळणाऱ्या पोराच्या हाती मॅग्नेट लागलं की आजूबाजूच्या पट्ट्यांतली नाणी आपसूक त्याच्याकडे झेपावतात. मुलाला आनंद होतो आणि बघणाऱ्यालाही त्यात काही नवल वाटत नाही. लोहचुंबक आहे, नाणी आहेत, मग ती येणारच. पण संगणकाच्या आत ना चुंबक असतं, ना धातू. तिथे असतात फक्त दोन ठिकाणं, एक नाण्याचं आणि एक खेळाडूचं, आणि दर सेकंदाला 30, 60 किंवा 144 वेळा विचारला जाणारा एक प्रश्न: नाण्यानं आता कुठे सरकायचं? या प्रश्नाचं उत्तर थोडं जरी चुकलं, तरी नाणं खेळाडूला ओलांडून पलीकडे जातं, त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं, नाहीतर भिंतीला नाक लावून उभं राहतं. आजचं व्याख्यान या तीन चुकांबद्दल आहे.

पहिली चूक सर्वांत साधी. नाणं खेळाडूपासून 54 पिक्सेलवर आहे, त्याचा वेग सेकंदाला 720 पिक्सेल आहे आणि खेळाडूपासून 5 पिक्सेलच्या आत आलं की ते 'उचललं' असं धरायचं आहे, असं समजा. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर नाणं दर फ्रेमला 12 पिक्सेल सरकेल. अंतर होईल 54, 42, 30, 18, 6. आता उरले 6 आणि पाऊल आहे 12चं. नाणं खेळाडूच्या अंगावरून पलीकडे जातं आणि पुन्हा 6 पिक्सेलवर उभं राहतं. पुढच्या फ्रेमला ते उलट फिरतं, पुन्हा ओलांडतं, पुन्हा 6वर येतं. हातातोंडाशी आलेला घास दर फ्रेमला निसटतो. खेळणाऱ्याला दिसतं ते एवढंच की नाणं पायाशी थरथरतंय आणि काही केल्या गोळा होत नाही.

हाच खेळ 144 फ्रेमच्या पडद्यावर चालवला तर पाऊल होतं 5 पिक्सेलचं. अंतर 54वरून पाचापाचानं उतरत 4वर येतं आणि नाणं गोळा होतं. म्हणजे खेळ लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या वेगवान पडद्यावर दोष दिसतच नाही, आणि साध्या फोनवर खेळणाऱ्या मुलाला मात्र तो रोज दिसतो. त्याची तक्रार आली की 'आमच्याकडे तर नीट चालतंय' असं उत्तर जातं. दोघंही खरं बोलत असतात.

यावरचा उपाय दोन ओळींचा आहे. नाण्यानं उरलेल्या अंतरापेक्षा मोठं पाऊल कधीच टाकायचं नाही.

```
step = min(speed * dt, distance)
position += direction * step
```

युनिटीतलं `Vector3.MoveTowards` आणि गोडोतलं `move_toward` हेच काम करतं. नाणं एका ठरावीक वेगानं सरळ रेषेत आणायचं असेल, तर विषय इथेच संपतो.

पण अशी सरळ रेषेत येणारी नाणी निर्जीव दिसतात. खेळाडूला हवी असते ओढ. सुरुवातीला संथ, मग वाढत जाणारी, थोडं वळण घेऊन अंगावर येणारी. त्यासाठी नाण्याला वेग नव्हे तर त्वरण द्यावं लागतं, म्हणजे दर फ्रेमला त्याच्या वेगात खेळाडूच्या दिशेनं थोडी भर घालावी लागते. आता नाण्याला स्वतःची गती असते आणि ती त्याला सोडत नाही. खरी गंमत इथून सुरू होते, आणि खरी डोकेदुखीही.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावर 1994 साली आलेल्या 'सोनिक द हेजहॉग 3'मध्ये विजेचं एक कवच आहे. ते मिळालं की जवळपासच्या सोनेरी कड्या सोनिककडे धावत येतात. कवच नसतं तेव्हा या कड्या हवेत जागच्या जागी फिरत असतात. या खेळाचा यंत्रसंकेत हौशी अभ्यासकांनी पुढे ओळीओळीनं उलगडला, त्यामुळे कडी नेमकी कशी चालते ते आज आकड्यांत सांगता येतं. कडी सोनिकच्या दिशेनं जात असेल तर दर फ्रेमला तिच्या वेगात 0.1875 पिक्सेलची भर पडते. ती त्याला ओलांडून दूर जाऊ लागली तर तिला सोनिककडे मागे ओढणारी भर होते 0.75. हे विचित्र अपूर्णांक म्हणजे 256 पैकी 48 आणि 256 पैकी 192, कारण त्या यंत्रात पिक्सेलचे 256 भाग धरलेले होते. दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबर चौपट आहे, आणि सगळी करामत या चौपटीत आहे.

दोन्ही आकडे सारखे असते तर काय झालं असतं, ते आधी पाहू. सोनिक उभा आहे, कडी 64 पिक्सेलवरून निघाली आहे आणि स्पर्शानं ती गोळा होते ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली आहे. सोनिकपाशी पोचेपर्यंत 26 फ्रेम जातात आणि कडीचा वेग फ्रेमला सुमारे 4.9 पिक्सेल होतो. पलीकडे गेल्यावर तेवढंच बळ तिला मागे खेचतं, म्हणून ती थांबते बरोबर 64 पिक्सेलवर. मग परत फिरते, पुन्हा 64. घर्षण नसलेला झोपाळा जसा कधीच थांबणार नाही, तशी ही कडी. आता पलीकडचं बळ चौपट करा. तोच 4.9चा वेग 16 पिक्सेलमध्ये संपतो. पुढच्या खेपेला कडी 4वर थांबते, त्यापुढे 1वर. झोपाळ्याची उंची दर हेलकाव्याला एक चतुर्थांश होत जाते. घर्षणाचा वेगळा हिशेब नाही, वर्गमूळ नाही, त्रिकोणमिती नाही. फक्त 'जवळ येतेय की दूर जातेय' एवढंच विचारायचं. त्या काळच्या यंत्राला परवडणारा इतका देखणा उपाय फार थोड्या ठिकाणी सापडतो.

या कडीला कमाल वेगाची मर्यादाही नाही, आणि तेही योग्यच आहे. सोनिकचा सपाटीवरचा नेहमीचा कमाल वेग फ्रेमला 6 पिक्सेल. कडी स्थिर अवस्थेतून निघाली तर तो वेग गाठायला तिला 32 फ्रेम लागतात. तोवर सोनिक पुढे निघून गेलेला असतो, पण कडीचा वेग वाढतच राहतो आणि ती त्याला गाठते. नाण्याला मर्यादा घातली आणि ती खेळाडूच्या वेगापेक्षा कमी ठेवली, तर पळणाऱ्या खेळाडूमागे नाण्यांची वरात लागते आणि तो थांबेपर्यंत एकही हाती येत नाही.

दुसरी चूक प्रदक्षिणेची. राक्षस मेला, त्याच्यातून नाणी उसळून चहूकडे उडाली आणि त्याच क्षणी मॅग्नेटनं त्यांना धरलं. नाण्याला आडवा वेग आहे फ्रेमला 4 पिक्सेल, आणि खेळाडूकडे ओढणारं त्वरण आहे 0.5. आडव्या वेगाचा वर्ग भागिले त्वरण, म्हणजे 16 भागिले 0.5, बरोबर 32. खेळाडूपासून 32 पिक्सेलवर असलेलं नाणं या हिशेबानं गोल फिरत राहतं आणि सुमारे 50 फ्रेममध्ये एक फेरी पूर्ण करतं. उचलण्याचं अंतर 16 पिक्सेल असेल तर ते कधीच गोळा होणार नाही. पृथ्वीभोवती चंद्र टिकून आहे तो याच नियमानं. ओढ वाढवून हा दोष मुळातून जात नाही. बळ केंद्राकडे आहे तोवर ते आडवी गती खाऊन टाकू शकत नाही. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. ओढ वाढवली की कक्षा बदलते, प्रदक्षिणा तशीच राहते.

सोनिकच्या कडीला हा रोग होत नाही, कारण तिथे आडवा आणि उभा अक्ष वेगवेगळे हाताळले आहेत. प्रत्येक अक्षावर हेलकावा आपला आपण विरतो, त्यामुळे फिरण्याला आधारच उरत नाही. आजच्या खेळात याहून सरळ मार्ग आहे. नाण्याच्या वेगाचे दोन भाग करायचे, एक खेळाडूकडे जाणारा आणि एक आडवा. आडव्याला दर फ्रेमला 0.9नं गुणायचं. 20 फ्रेममध्ये त्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो. वळण दिसतं, पण नाणं अखेर केंद्राशी पोचतं.

'माइनक्राफ्ट'मधले अनुभवाचे हिरवट गोळे या बाबतीत मधल्या जागी आहेत. खेळाडू 8 ठोकळ्यांच्या आत आला की ते ओढले जातात. ओढ अंतराबरोबर झपाट्यानं घटते: 4 ठोकळ्यांवर ती कमाल ओढीचा चौथा हिस्सा असते, 7वर चौसष्टावा. हवेत असताना त्यांचा वेग दर टिकला 0.98नं गुणला जातो आणि सेकंदाला 20 टिक असतात, म्हणजे सेकंदाअखेर दोन तृतीयांश वेग शिल्लक राहतो. हा ब्रेक आहे, पण हलका, आणि तो सगळ्या वेगाला सारखाच लागतो. म्हणून हवेतले गोळे खेळाडूभोवती जरा घुटमळतात आणि मग येतात.

याच गोळ्यांनी तिसरी चूकही दाखवता येते. त्यांची ओढ सरळ रेषेत मोजली जाते. मध्ये भिंत आहे का, हे कुणी विचारत नाही. गोळ्याला मात्र भिंत अडवते. मग तो भिंतीवरच्या अशा जागी जाऊन चिकटतो, जिथून खेळाडू सर्वांत जवळ आहे. खेळाडू चालू लागला की गोळाही पलीकडून भिंतीला घासत चालतो, कागदावरच्या टाचण्या खालच्या चुंबकाबरोबर सरकाव्यात तसा. भिंत सपाट असेल तर तो कडेला पोचून सुटतोही. पण कोनाडा असेल तर सुटका नाही. बाहेर यायला त्याला आधी खेळाडूपासून दूर जावं लागेल, आणि त्याला दूर जाणं शिकवलेलंच नाही.

इथे खेळ रचणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो गणिताचा नसतो. ओढ लागताच नाण्याची भिंतीशी टक्कर बंद केली तर ते भिंतीतून आरपार येतं. सोनिकची कडी तशीच येते, आणि वेगवान खेळात कुणाला ते खटकत नाही. पण बंद खोलीतला खजिना किल्ली शोधूनच मिळावा अशी रचना असेल, तर हाच उपाय खोलीचं दार निरर्थक करतो. अशा खेळात ओढ लागण्यापूर्वी नाण्यापासून खेळाडूपर्यंत एक अदृश्य रेषा टाकून मध्ये भिंत आहे का ते पाहावं. असेल तर नाण्यानं हलूच नये. ही तपासणी सुरुवातीला एकदाच करावी. एकदा निघालेलं नाणं मात्र आरपार येऊ द्यावं, नाहीतर खेळाडू कोपऱ्यावरून वळला की ते अर्ध्या वाटेत अडकतं.

हे दोष नुसतं खेळून सापडायला वेळ लागतो. त्यापेक्षा प्रत्येक नाण्याला ओढ लागल्यापासूनचा काळ मोजायला लावावा आणि दोन सेकंद उलटले की ते पडद्यावर लाल दिसावं. मग चाचणी घेणाऱ्यानं खेळाडूला लहान वर्तुळात पळवावं, खांबाआड थांबवावं आणि हेच 30 फ्रेमवर पुन्हा करावं. लाल नाणं थरथरत असेल तर पाऊल मोठं आहे, फिरत असेल तर आडवा वेग उरला आहे, आणि स्तब्ध असेल तर भिंत.

एक जागा मात्र या चाचणीतूनही निसटते: नाणं भिंतीच्या पोटात असताना मॅग्नेट संपलं तर? सोनिकचं विजेचं कवच पाण्याला स्पर्श होताच जातं. त्या वेळी वाटेत असलेली कडी परत आपल्या मूळ जागी जात नाही. तिचं रूपांतर मार बसल्यावर उधळणाऱ्या साध्या कडीत होतं. ती गुरुत्वाकर्षणानं खाली पडते आणि जमिनीवर उसळ्या घेते. अशा कडीचं आयुष्य असतं 256 फ्रेमचं, जेमतेम सव्वाचार सेकंदांचं. ती कुठे अडकली असली, तरी तेवढा वेळ गेला की दिसेनाशी होते.