किरणबंदुकीतली उष्णता जाते कुठे?



१९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिच्यातल्या ‘फेझर’ची करामत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मुठीत मावणारं हत्यार, एक झळझळीत रेषा, आणि समोरचा माणूस क्षणात नाहीसा. आज या एका दृश्याचा हिशेब मांडू या. विज्ञानकथेचे लेखक काय विसरतात, ते त्यातून आपोआप कळेल.

सोयीसाठी माणूस म्हणजे ७० किलो पाणी असं धरा. ३७ अंशांवरचं हे पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायची, तर सुमारे १७.५ कोटी ज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या बिलाच्या भाषेत ४९ युनिट. आणि वाफ झाली म्हणून ते पाणी काही नाहीसं होत नाही. ती वाफ सव्वाशे घनमीटरच्या आसपास जागा व्यापते, म्हणजे एक मोठा दिवाणखाना भरून जाईल. पडद्यावर बाकीची पात्रं शांतपणे उभी राहून बोलत असतात. प्रत्यक्षात ती सगळी भाजून निघतील.

आता बंदुकीकडे वळू. आजच्या चांगल्या लेझरमध्ये भरलेल्या विजेपैकी साधारण एक तृतीयांश वीज किरणातून बाहेर पडते आणि उरलेल्या दोन तृतीयांश विजेची यंत्रातच उष्णता होते. म्हणजे किरणातून ४९ युनिट बाहेर पडायची, तर बॅटरीतून जवळपास १५० युनिट काढावी लागतील आणि सुमारे शंभर युनिट उष्णता नेम धरणाऱ्याच्या हातात उरेल. तेवढ्या उष्णतेत पावणेतीनशे किलोंहून अधिक पोलाद वितळेल. एवढी वीज साठवायला आजच्या लिथियम बॅटऱ्या घेतल्या, तर त्यांचंच वजन सहाशे किलोंच्या घरात जातं. शत्रूची वाफ होण्याआधी बंदूकवाल्याचाच निकाल लागेल.

लेखक म्हणेल, ‘वाफ नको, नुसतं आरपार भोक पाडतो.’ ठीक आहे. एक सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल भोकासाठी सुमारे ४० हजार ज्यूल पुरतात. बॅटरीतून १ लाख २० हजार काढावे लागतील, म्हणजे मोबाईलच्या दोन-तीन बॅटऱ्यांइतकी ऊर्जा. साठा फारसा मोठा नाही. अडचण वेगाची आहे. माणूस हलण्याआधी, दशांश सेकंदात ही ऊर्जा द्यायची, तर त्या क्षणापुरती बारा लाख वॅट शक्ती हवी, आणि मोबाईलची बॅटरी तशी रिकामी होऊच शकत नाही. कपॅसिटर तेवढ्या वेगानं रिकामे होतात, पण त्यांच्यात वजनाच्या मानानं साठा अगदी थोडा मावतो. शिवाय मागे राहिलेल्या ८० हजार ज्यूलमुळे दोन किलो पोलादाची बंदूक एका झाडणीत ८० अंशांनी तापते. दुसऱ्या झाडणीला ती हातात धरवणार नाही.

म्हणूनच खरी अस्त्रं वेगळी दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये कर्नूल इथे डीआरडीओनं ३० किलोवॅट लेझरनं ड्रोन पाडून दाखवला, ती यंत्रणा वाहनावर बसवलेली होती. किरण झाडून क्षणात मोकळं होता येत नाही. तो एकाच जागेवर रोखून धरावा लागतो, तेव्हा कुठे तिथलं आवरण निकामी होतं.

आणि ती झळझळीत रेषा? गणपतीच्या मिरवणुकीत लेझरच्या रेषा दिसतात, त्या धूर आणि धुळीमुळे. कणांवर आदळून थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळतो, एवढंच. अवकाशात धूळ जवळपास नाहीच, त्यामुळे बाजूनं पाहणाऱ्याला काहीही दिसणार नाही. त्यातून बहुतेक शक्तिशाली लेझर अवरक्त, म्हणजे मुळातच डोळ्यांना न दिसणारे. हवेत किरण बाजूनं लखलखीत दिसलाच, तर त्याची ऊर्जा वाटेतच सांडते आहे असं समजावं. एच. जी. वेल्सनं हे फार आधी ओळखलं होतं. १८९८ साली पुस्तकरूपानं आलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधल्या मंगळवासीयांचा उष्णताकिरण अदृश्य आहे. लोक पेटतात, पण किरण दिसत नाही. त्या प्रसंगाची भीती त्यातूनच येते.

अवकाशयानावर मोठी तोफ बसवली, तरी उष्णता पिच्छा सोडत नाही. तिथे ती वाहून न्यायला हवा नाही; उष्णता बाहेर पडते ती फक्त प्रारणातून. दहा लाख वॅटचा किरण सतत सोडायचा, तर वीस लाख वॅट उष्णता बाहेर टाकावी लागेल. खोलीच्या तापमानाला ठेवलेले, दोन्ही बाजूंनी उष्णता फेकणारे पंख त्यासाठी वापरले, तर ते अर्ध्या एकराहून मोठे लागतील. पंख जास्त तापू दिले तर ते लहान चालतात, पण मग आतली यंत्रंही तेवढा ताप सोसणारी हवीत.

लेखकांनी या मर्यादा अडथळा मानू नयेत, असं मला मनापासून वाटतं. यानाचे पंख हाच त्याचा सर्वांत नाजूक भाग ठरतो. ते मिटून लढावं, तर उष्णता आत साचते आणि काही वेळानं तोफ बंद करावीच लागते. ते उघडे ठेवावेत, तर अवरक्त दुर्बिणीत दुरूनच यानाचा ठावठिकाणा लागतो आणि शत्रू नेमका तिथेच नेम धरतो. कप्तानाला या दोहोंतून एक निवडावं लागतं, आणि कथेतला पेच तिथेच तयार होतो.