आधी वजाबाकी, मग शून्य

आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही जण घरीच थांबले असतील. जे आलात त्यांना फळा पाहावा लागेल, पण फळ्यावर जे येईल ते सगळं ठाणे-कल्याण स्लो लोकलमधलंच असेल.

ठाण्याहून कल्याण साधारण वीस किलोमीटर. मध्ये कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली, अशी सहा स्थानकं. प्रत्येक थांब्यापायी एक मिनिट जातं असं धरू, म्हणजे सहा मिनिटं, तासाचा दहावा भाग. गाडी दोन स्थानकांमध्ये ताशी v किलोमीटरने धावते. मग धावण्याचा वेळ 20/v तास आणि थांबण्याचा 1/10 तास. अंतराला या एकूण वेळाने भागलं की प्रवासाचा सरासरी वेग मिळतो. त्याला A म्हणू. अपूर्णांकातला अपूर्णांक काढून टाकला की

A(v) = 200v / (200 + v)

अंशात v, छेदातही v. असल्या राशीला परिमेय फलन म्हणतात. v ला 50 ठेवा, A येतो 10000 भागिले 250, म्हणजे 40. पन्नासने धावणारी गाडी आपल्याला चाळीसने नेते. (रोज उभ्याने जाणाऱ्यांना हे गणित न करताही ठाऊक असतं.) खरं तर गाडी वेगात असेल तर थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला जरा जास्त वेळ लागतो, पण ते आज सोडून देऊ.

आता प्रश्न असा. मोटरमनने वेग थोडासा वाढवला तर सरासरी कितीने वाढेल? वेगात h ची वाढ करायची, A मधला फरक काढायचा आणि h ने भागायचं:

[A(v+h) − A(v)] / h

मग h लहान लहान करत न्यायचा. इथे घाई झाली की घोटाळा होतो. पुष्कळ मुलं थेट h = 0 ठेवतात. वर A(v) वजा A(v), म्हणजे शून्य. खालीही शून्य. शून्य भागिले शून्य लिहून वही मिटतात आणि ‘उत्तर नाही’ म्हणतात. उत्तर आहे. ते झाकलेलं आहे, इतकंच. वरचा शून्य ज्या h मुळे आला, तो h अंशात कुठे लपलाय हे शोधायचं, आणि त्यासाठी आधी छेद समान करायला हवेत. सातवी-आठवीतलं काम.

A(v+h) चा छेद 200+v+h, A(v) चा छेद 200+v. तिरकस गुणाकार केला की अंशात उरतं:

200(v+h)(200+v) − 200v(200+v+h)

दोन्हीकडचा 200 बाहेर काढा आणि कंस सोडवा. पहिल्या कंसातून 200v + v² + 200h + vh. दुसऱ्यातून 200v + v² + vh, आणि यातल्या प्रत्येक पदाला वजा. 200v गेलं, v² गेलं, vh सुद्धा गेलं. उरलं एकटं 200h. बाहेरचा 200 धरून 40000h. आता h ने भागा:

40000 / [(200+v)(200+v+h)]

छेद गुणून पसरू नका, तसाच अवयवांत ठेवा. बघा, आता h = 0 ठेवायला कुणाची हरकत नाही. 40000 / (200+v)² मिळतं, आणि v = 50 ला 40000 भागिले 62500, म्हणजे 0.64. वेग ताशी एक किलोमीटर वाढवला तर प्रवाशाच्या वाट्याला पाऊण किलोमीटरही येत नाही, बाकीचं थांब्यांत विरतं.

आता चुकीबद्दल थोडं, कारण मी वह्या तपासण्यात आयुष्य घालवलं आहे. दुसऱ्या कंसापुढचा वजा फक्त पहिल्या पदाला लावायचा, ही सर्वांत जुनी चूक. समजा v² ला वजा लागला नाही. मग अंशात 2v² उरतं, त्यात h नाही, आणि भागताना h खालीच अडकून बसतो. ही चूक स्वतःच ओरडून सांगते: h कटत नसेल तर मागे वळा. पण वजा vh ला लागला नाही तर? अंशात 200h + 2vh येतं, दोन्ही पदांत h आहे, तो छान कटतो आणि 0.96 असं सभ्य दिसणारं उत्तर मिळतं. h कटला म्हणजे गणित बरोबर, असं नाही. मग कळायचं कसं? h ला 1 देऊन पाहा. A(51) म्हणजे 10200 भागिले 251, जवळजवळ 40.637. चाळीसवरून वाढ 0.637. सोप्या केलेल्या राशीत h = 1 ठेवा: 40000 भागिले (250 × 251), तेच 0.637. इथे 0.96 वाल्याची वही उघडी पडते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कॅल्क्युलेटरवर h अगदी बारीक घेऊ. करून पाहू. दर पायरीला दहाच आकडे धरणारं यंत्र समजा. h = 0.001 ला मूळ राशीतून 0.64 येतं, उत्तम. h = 0.0000001 ला A येतो 40.00000006, पुढचे आकडे कापले गेले. फरकाला h ने भागलं की 0.6. आणखी एक शून्य वाढवा, तर छेदातलं 250.00000001 अकरा आकड्यांचं होतं, यंत्र त्याचं 250 करतं, अंशाचंही तसंच, आणि उत्तर येतं शून्य. गाडी यार्डात! जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की जपून ठेवलेले आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. सोप्या केलेल्या राशीत ती वजाबाकीच उरलेली नाही, ती आपण कागदावर अक्षरांनी उरकली. त्यामुळे कितीही बारीक h ला ती 0.64 च दाखवते.

एक शंका मात्र मोलाची आहे, आणि ती 1734 साली आयर्लंडमधल्या जॉर्ज बर्कली या बिशपने छापून विचारली होती. भागताना तुम्ही म्हणता h शून्य नाही, कारण शून्याने भागता येत नाही. भागून झाल्यावर म्हणता h शून्य आहे. एकाच गणितात दोन तोंडं कशी? बर्कलींचा मुद्दा बरोबर होता. समाधानकारक उत्तर यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

ते असं. मूळ भागाकार आणि सोपी राशी ही दोन फलनं आहेत. h शून्य नसेल तिथे सगळीकडे दोघांची किंमत एकच. फक्त h = 0 या एका जागी पहिल्याला भोक आहे, दुसऱ्याला नाही. आणि ‘सीमा’ म्हणजे h शून्याजवळ जाताना किंमत कुठे टेकते ते, शून्यावर काय आहे हे ती विचारतच नाही. म्हणून दोघांची सीमा एकच. दुसरं फलन शून्यापाशी अखंड आहे, तेव्हा त्याची सीमा h = 0 ठेवून वाचता येते. पहिल्यात आपण h = 0 कधीच ठेवला नाही. दुसऱ्यात ठेवला. तोंडं दोन नव्हती, फलनं दोन होती.

घरी जाताना फास्ट मिळाली, फक्त डोंबिवलीला थांबणारी, तर थांब्याचं एकच मिनिट धरा. सूत्रात 200 च्या जागी 1200 येईल, बाकी सगळ्या पायऱ्या त्याच. अंशात 1200 चा वर्ग गुणिले h उरेल, आणि पन्नासला उत्तर येईल 0.92 च्या आसपास. वेगळं आलं तर दुसरा कंस तपासा.