‘दुसरा’ म्हणजे नेमका कोणता?

मराठीत ‘दुसरा’ हा एकच शब्द बरीच कामं करतो. इंग्रजीत त्या कामांची वाटणी झालेली आहे, आणि तिथे मी एकदा चांगलाच फसलो.

आमच्याकडे दोन सर्व्हर होते. एक बंद पडला. मी क्लायंटला कळवलं, ‘अनदर सर्व्हर इज रनिंग.’ मला म्हणायचं होतं, दुसरा चालू आहे. त्यांना वाटलं, मी न विचारता तिसराच घेतला! लगेच विचारणा: याचं बिल कोणी मंजूर केलं? दोघांतला उरलेला सांगायचा, तर ‘द अदर’ हवं होतं.

‘अनदर’च्या पोटात ‘अन’ आहे, म्हणजे ‘एक’. म्हणून तो मोजता येणाऱ्या एका वस्तूला लागतो: अनदर चेअर. अनेक असतील तर अदर चेअर्स. फर्निचर इंग्रजीत मोजत नाहीत, त्यामुळे ‘अनदर फर्निचर’ चुकतं. वेगळं हवं तर ‘अदर फर्निचर’, आणखी हवं तर ‘मोअर फर्निचर’. ‘अनदर कॉफी’ मात्र चालतं, कारण मनात कप असतो.

मुलं रिकाम्या जागा भरतात तेव्हा त्यांना आधी जागेपुढचं नाम बघायला सांगा. आणि ‘एल्स’ नामाआधी बसतच नाही. तो समवन, नथिंग, व्हॉट अशा शब्दांनंतर येतो. ‘एल्स पर्सन’ नाही, ‘समवन एल्स’.