कपातला चहा आणि कॅप्सूलमधला अर्क

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंगणातल्या गवती चहालाही कुणी कुणी हिरवा चहा म्हणतं. मी त्याविषयी बोलत नाही. ग्रीन टी म्हणजे आपल्या नेहमीच्याच चहाच्या झाडाची पानं, काळी न होऊ देता वाळवलेली. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल ‘वजन उतरवा’ म्हणून बायकांना विकल्या जातात. ‘चहाच तर आहे’ असं सांगितलं जातं, आणि तिथंच फसगत होते.

या पानांत ईजीसीजी नावाचं द्रव्य असतं. कपभर चहात ते साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम उतरतं, आणि तो चहा आपण घोट घोट पितो. कॅप्सूलमध्ये तेच दाट करून भरलेलं असतं. समजा, डबीवर लिहिलंय: एका कॅप्सूलमध्ये अर्क 500 मिलिग्रॅम, त्यात ईजीसीजी 50 टक्के. म्हणजे 250 मिलिग्रॅम. दिवसाला चार घेतल्या की 1000 झाले, तेही एकदम पोटात. उपाशीपोटी घेतल्या तर रक्तात आणखी जास्त जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 साली सांगितलं, की गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी गेलं, तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. त्याखाली अमुक मात्रा नक्की सुरक्षित, असं मात्र तिला सांगता आलं नाही. साध्या उकळत्या पाण्यातल्या चहाला तिनं सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलं.

अमेरिकेत मिनेसोटा इथं पाळी थांबलेल्या हजाराहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना वर्षभर रोज 843 मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क दिला, निम्म्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे पाच जणींच्या रक्तात यकृताची तपासणी बरीच बिघडलेली आढळली. दुसऱ्या गटात शंभरात एकही नाही. रक्त वेळोवेळी तपासलं जात होतं, म्हणून ते कळलं. कॅप्सूल थांबवल्यावर आकडे उतरले. कुणाच्या यकृताला हा अर्क बाधेल, ते आधी ओळखता येत नाही.

आपल्याकडे रक्त कोण तपासतं? डोळे पिवळे झाले की कावीळ पाण्यानं झाली असं धरून झाडपाल्याचं औषध सुरू होतं, आणि कॅप्सूलही चालूच राहते. म्हणून खुणा लक्षात ठेवा: अन्नावरची वासना जाणं, मळमळ, खूप थकवा, अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे. यातलं काही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि सरकारी रुग्णालयात जा. डबी सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा, एसजीपीटीची तपासणी करायला सांगा. ‘काही औषध घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू नका. आधीच यकृताचा आजार असलेल्या बाईनं ही कॅप्सूल घेऊच नये.

गटात कुणी अशी डबी विकायला आली, तर किमतीआधी तिच्यावरचं ईजीसीजी वाचा. आकडा लिहिलेलाच नसेल, तर डबी परत द्या.