पठार डोळ्यांनी ठरवू नका



पत्रिकेत माझा विषय ‘वाढीचं गणित’ असा छापलाय. विषय मोठा आहे, मी एवढंच सांगायला आलोय: आलेख सपाट दिसू लागला की ‘आलं पठार’ म्हणायची आपली सवय मोडायला हवी. (हशा) हसा, पण आज घरी जाताना तुम्ही माझ्या पक्षात असाल.

फ्रान्सचे जॅक मोनो ई. कोलाय जिवाणू ग्लुकोजवर वाढवत होते. ग्लुकोज वाढवलं की वाढीचा वेग आधी झपाट्याने चढतो, मग रेंगाळतो. त्यांनी मांडलेलं सूत्र असं:

वेग = कमाल वेग × मात्रा ÷ (अर्धमात्रा + मात्रा)

अपूर्णांकाचं बीजगणित आपण सगळ्यांनीच शाळेत केलंय, त्यात शिरत नाही. मात्रा अर्धमात्रेइतकी ठेवली की छेद मात्रेच्या दुप्पट होतो आणि वेग कमालीच्या निम्मा येतो, इतकं ध्यानात ठेवा. १९४९च्या लेखात मोनोंनी ३७ अंश सेल्सिअसला कमाल वेग ताशी १.३५ विभाजनं दिलाय. त्यांची अर्धमात्रा लिटरला साधारण ४ मिलिग्रॅम भरते.

आता हेच आकडे सूत्रात घालू. १ मिलिग्रॅमला वेग ०.२७ येतो, ४ला ०.६७५, १६ला १.०८ आणि ३६ला १.२१५. शेवटच्या टप्प्यात अन्न दुपटीहून वाढलं आणि वेग जेमतेम ०.१३५ने. डोळा म्हणतो, हेच पठार. मग १.२१५चं निम्मं, म्हणजे ०.६१, आलेखावर शोधलं की अर्धमात्रा ४ऐवजी ३.३ मिळते. कंटाळून १६वरच थांबलात तर २.७! मोजमाप एकही चुकलेलं नाही. पठार खाली धरलं म्हणून अर्धमात्राही खाली घसरली. अर्धमात्रेच्या नऊपट मात्रेला ९० टक्के वेग मिळतो, एकोणीसपटीला ९५ टक्के. पूर्ण शंभर कधीच मिळत नाहीत.

उपाय सोपा आहे. प्रत्येक मात्रेला तिच्या वेगाने भागा. ३.७०, ५.९३, १४.८१, २९.६३ असे आकडे येतात, आणि ते मात्रेसमोर मांडले की सरळ रेषा मिळते. १६ ते ३६ या २०च्या अंतरात रेषा १४.८२ने चढली, म्हणजे चढ ०.७४१. एक भागिले चढ, आलं पठार: १.३५. रेषा उभ्या अक्षाला २.९६वर छेदते, त्याला १.३५ने गुणा, आली अर्धमात्रा: ४.

(मागून प्रश्न: पण पठार येतंच का?) छान विचारलंत. दोन मिनिटांत सांगतो. कॅनडाच्या हॉलिंग यांनी १९५९मध्ये एक गमतीदार प्रयोग छापला. तीन फूट चौरस टेबलावर सँडपेपरच्या चकत्या टाचल्या, एका माणसाचे डोळे बांधले आणि एक मिनिट बोटाने टकटक करत चकत्या शोधायला लावलं. सापडली की काढून बाजूला ठेवायची, पुन्हा टकटक. हा आपला शिकारी. (हशा) चकत्या विरळ असतील तर सगळा वेळ शोधण्यात जातो. दाट केल्या की शोध पटकन लागतो, पण प्रत्येक चकती काढून ठेवायला वेळ लागतोच. समजा त्याला दोन सेकंद लागतात. मग टेबल चकत्यांनी मढवलं तरी मिनिटाला ३०च्या वर कोण जाईल? ते पठार. आणि अर्धमात्रा कुठे? जिथे निम्मं मिनिट शोधण्यात आणि निम्मं उचलण्यात जातं, तिथे. मोनोंचं सूत्र अनुभवावरून बसवलेलं होतं, इथे तोच आकार हाताच्या कामातून निघाला. हॉलिंगना खरं तर किडे खाणाऱ्या प्राण्यांचं कोडं सोडवायचं होतं, आणि तिथे तर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा) बरं, किडे राहू द्या.

प्राध्यापक मंडळी कुजबुजताहेत ते मला ऐकू येतंय: ‘आम्ही दोन्ही बाजूंचे व्यस्त घेऊन रेषा काढतो, त्यात काय वाईट?’ बिनचूक आकड्यांवर काहीच नाही. पण १ मिलिग्रॅमचा वेग ०.२७ऐवजी ०.२४ नोंदला गेला असं धरा. लहान आकड्याचा व्यस्त मोठा, म्हणून तोच बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढतो आणि अर्धमात्रा ५.०वर जाते. माझ्या रेषेत ती ४.४वर राहते. माझीही रेषा निर्दोष नाही, कबूल. संगणक हाताशी असेल तर रेषा केवळ अंदाजाला वापरा आणि वक्र मूळ आकड्यांवरच बसवा.

शेवटचं. सगळी मोजमापं अर्धमात्रेच्या पुष्कळ खालची असतील तर आलेख जवळजवळ सरळच दिसतो. त्यातून पठार आणि अर्धमात्रा यांचं गुणोत्तर तेवढं हाती लागतं, इथे १.३५ भागिले ४, म्हणजे सुमारे ०.३४. पठार १.३५ आणि अर्धमात्रा ४, की २.७ आणि ८, हे तिथे कुठलीही रेषा सांगणार नाही. तेव्हा अहवालात गुणोत्तरच लिहा, नाहीतर ग्लुकोज वाढवून आणखी मोजा. घंटा झाली, थांबतो.