रशियन निबंधातील मराठी विभक्ती



आपण सर्वांनी लहानपणी विभक्तीचे प्रत्यय पाठ केले आहेत. द्वितीयेचे 'स, ला, ते' म्हणून झाले की तृतीयेचे 'ने, ए, शी' यावयाचे, आणि मग चतुर्थीला पुन्हा तेच 'स, ला, ते'. एकच ओळ दोनदा का म्हणावयाची, असा प्रश्न त्या वयात पुष्कळांच्या मनात आला असेल, परंतु घोकण्याच्या ओघात तो तेथेच राहिला. आज त्याच प्रश्नाकडे आपल्याला जावयाचे आहे, आणि वाट थोडी आडवळणाची आहे. मराठी मनुष्य रशियन शिकू लागला आणि त्याने चार ओळींचा निबंध लिहिला, तर त्यात क्रियापदांपुढे कोणत्या चुका होतात व त्या कोठून येतात, हा आजचा विषय आहे.

प्रथम तो निबंध ऐका. तो मीच जुळविलेला आहे. नवशिक्याच्या नेहमीच्या चुका एके ठिकाणी दिसाव्यात एवढाच त्यात हेतू आहे. रशियन शब्द मी अक्षरागणिक देवनागरीत सांगतो. खरा उच्चार याहून थोडा निराळा असतो, परंतु आपले लक्ष शब्दांच्या शेपटांकडे आहे. निबंध असा: 'या झिवू व् भाइंदार', म्हणजे मी भाईंदरमध्ये राहतो. 'ऊत्रोम या पोमोगायू मामू', सकाळी मी आईला मदत करतो. 'पोतोम या इदू व् श्कोले', मग मी शाळेत जातो. 'या स्प्राशिवायू उचीतेल्यू', मी शिक्षकांना विचारतो. 'वेचेरोम या झ्वोन्यू द्रूगा', संध्याकाळी मी मित्राला फोन करतो. आणि शेवटी 'या बोयूस् सोबाके', मी कुत्र्याला भितो.

सहा वाक्ये आणि सहाही चुकलेली! तरी एकाही शब्दाची निवड चुकलेली नाही, सगळे चुकले आहे ते शेवटच्या अक्षरात. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत, आणि कोणत्या क्रियापदापुढे कोणती विभक्ती यावयाची हे ते क्रियापद ठरविते.

पहिले वाक्य घ्या. 'व्' म्हणजे आत. विद्यार्थ्याने 'व्' लिहिले आणि काम झाले असे मानून भाईंदर जसेच्या तसे ठेवले. ही चूक मराठीची नव्हे, ती इंग्रजीची सवय आहे. इंग्रजीत नामाच्या पुढे एक छोटा शब्द ठेवला की नामाला हात लावावा लागत नाही. पण मराठीत आपण 'घर जवळ' म्हणतो काय? आपण 'घराजवळ' म्हणतो. जवळ हा शब्द येण्यापूर्वी घराचे 'घरा' व्हावे लागते, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. रशियनही तेच करते, फरक इतकाच की तिचे अव्यय नामाच्या आधी येते आणि नाम शेवटी बदलते. म्हणून 'व् भाइंदारे' हे बरोबर. जो विद्यार्थी मराठीतून विचार करील त्याला हे चटकन पटेल. जो इंग्रजीच्या पुलावरून रशियनकडे जाईल तो येथे घसरेल.

यापुढील चुकांमध्ये मात्र खरा गुन्हेगार मराठीच आहे. आईला मदत करतो, शिक्षकांना विचारतो, मित्राला फोन करतो, कुत्र्याला भितो. चारही ठिकाणी आपला 'ला' आहे, 'शिक्षकांना' मधील 'ना' हे त्याचेच अनेकवचन. आपल्या दृष्टीने हे चौघेजण एकाच रांगेत उभे आहेत. रशियन त्यांची तीन रांगांत वाटणी करते. मदत करणे आणि फोन करणे यांपुढे चतुर्थी येते. विचारणे यापुढे द्वितीया येते. आणि भिणे यापुढे षष्ठी येते. लहानपणी दोनदा म्हटलेली ती ओळ येथे उलगडते. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांचा अर्थ वेगळा असूनही वेष एकच आहे. रशियनने दोघींना वेगवेगळे वेष दिले आहेत. त्यामुळे आपल्या 'ला'चे भाषांतर करू जाणारा मनुष्य दर वेळी नाणे उडवून निर्णय घेतो.

शिवाय एक गोष्ट त्याला चकविते. मित्र म्हणजे 'द्रुग'. त्याची द्वितीया 'द्रूगा' आणि षष्ठीही 'द्रूगा'. सजीव पुल्लिंगी नामांत रशियनची द्वितीया षष्ठीचेच रूप घेते. म्हणजे 'मित्राला विचारतो' आणि 'मित्राला भितो' येथे दोन निरनिराळ्या विभक्ती असूनही लिहिताना एकच रूप दिसते. विद्यार्थी योगायोगाने बरोबर लिहितो, आपल्याला नियम समजला असे मानतो, आणि पुढच्या वाक्यात पडतो.

यावर एक साधा उपाय आहे. रशियनमध्ये आईला 'मामा' म्हणतात. मामाचा भाचा असलेल्या आपल्याला हे ऐकून हसू येते, पण पुढे आणखी गंमत आहे. या 'मामा'ची द्वितीया 'मामू', चतुर्थी 'मामे' आणि षष्ठी जवळजवळ 'मामी'. तिन्ही रूपे स्वच्छ वेगळी. म्हणून कोणतेही नवे क्रियापद शिकले की त्याच्यापुढे मित्र न ठेवता आई ठेवावी आणि तसेच पाठ करावे: 'स्प्राशिवायू मामू', 'पोमोगायू मामे', 'झ्वोन्यू मामे', 'बोयूस् मामी'. आई पुढे ठेवली की विभक्ती लपून राहू शकत नाही. मग निबंध तपासताना प्रत्येक नामाच्या जागी क्षणभर आई बसवून पाहावी. 'झ्वोन्यू द्रूगा' या ठिकाणी आई घातली असता 'मामे' येते, म्हणजे चतुर्थी हवी, म्हणून मित्राचेही 'द्रूगू' झाले पाहिजे. 'स्प्राशिवायू' पुढे 'मामू' येते, म्हणजे द्वितीया हवी, म्हणून 'उचीतेल्यू' ही चतुर्थी खोडून 'उचीतेल्या' लिहावयाचे. 'बोयूस्' पुढे 'मामी', म्हणून कुत्र्याचे 'सोबाकी'.

या परीक्षेला एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. बोलण्यात रशियन लोक 'विचारणे' या क्रियापदासाठी दुसरी रचनाही वापरतात: 'ऊ' हे अव्यय आणि पुढे षष्ठी. 'भिणे' यापुढेही ओळखीच्या माणसाचे नाव असले तर घरगुती बोलण्यात द्वितीया ऐकू येते. तेव्हा रशियन माणसाच्या तोंडून निराळे रूप ऐकले म्हणून लगेच चूक धरू नये. निबंधात मात्र पाठ केलेले रूपच लिहावे.

आता कोणी विचारील की भिण्यापुढे षष्ठी का? कुत्र्याचा आणि भीतीचा हा काय संबंध? ज्यांचे संस्कृत झाले आहे त्यांना उत्तर घरातच सापडेल. संस्कृतात भयाचे जे कारण त्याची पंचमी होते, हा पाणिनीचा नियम आहे. आपण व्याघ्राला भीत नाही, व्याघ्रापासून भितो. स्लाव्ह भाषांत फार पूर्वी पंचमी षष्ठीत मिसळून गेली, इतकी की पुष्कळ पुल्लिंगी नामांच्या षष्ठीचा प्रत्यय हा मुळात पंचमीचाच आहे. म्हणजे रशियन मनुष्य षष्ठी वापरतो तेव्हा आतून तो जुनी पंचमीच बोलत असतो. आणि 'बोयूस्' मधील धातू कोणता? तो आपलाच 'भी' धातू. 'भयते' आणि 'बोयात्सा' ही सख्खी भावंडे आहेत. मराठीने मात्र भीतीलाही 'ला' लावून टाकला आणि नाते दिसेनासे झाले.

राहिले तिसरे वाक्य, 'मी शाळेत जातो'. येथे दोष 'ला'चा नाही, सप्तमीच्या 'त'चा आहे. आपण 'शाळेत जातो' म्हणतो आणि 'शाळेत बसतो' असेही म्हणतो. 'मुले बागेत धावतात' हे वाक्य ऐकून ती बागेच्या आत खेळत आहेत की बागेकडे निघाली आहेत हे सांगता येत नाही. रशियन हे संदिग्ध राहू देत नाही. जावयाचे असेल तर 'व्' पुढे द्वितीया, 'व् श्कोलू'. तेथे असावयाचे असेल तर 'व् श्कोले'. प्रश्नही दोन आहेत. आपण 'कुठे जातोस' आणि 'कुठे आहेस' असे एकाच शब्दाने विचारतो. ते जाण्यासाठी 'कुदा' आणि असण्यासाठी 'ग्दे' म्हणतात. क्रियापद लिहिल्यावर हा प्रश्न मनात विचारला की शेवट आपोआप ठरतो.

पंधराव्या शतकात त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितीन आपल्या चौलच्या बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातच हा नियम आहे: 'झा त्री मोर्या', तीन समुद्रांपलीकडे. येथे द्वितीया आहे, कारण तो पलीकडे गेला. तो पलीकडे राहिला असे सांगावयाचे असते तर 'झा' पुढे तृतीया आली असती. 'पलीकडे' हा आपला शब्द दोन्ही वेळी एकच राहतो.

हा भेद केवळ परीक्षेच्या गुणांचा नाही. आपल्याकडील अनेक मुले वैद्यक शिकण्यासाठी रशियात जातात, आणि तेथील रुग्णांशी रशियनमध्येच बोलावे लागते. रशियनमध्ये वर्तमानकाळी 'आहे' हे क्रियापद नसते, आणि बोलताना 'जातो' हेही पुष्कळदा गाळतात. 'या व् बोल्नीत्सू' म्हणजे मी रुग्णालयात निघालो. 'या व् बोल्नीत्से' म्हणजे मी रुग्णालयात आहे, आणि ऐकणारा बहुधा असे समजेल की तुम्हीच आजारी पडून तेथे दाखल झाला आहात. क्रियापद निघून गेले, सगळा अर्थ एका स्वरावर उभा राहिला.

परंतु मराठीने केवळ अडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. रशियनमध्ये काही ठिकाणांना 'व्' लागत नाही, 'ना' लागतो, म्हणजे वर. स्टेशन हे त्यांतले एक, आणि काम हे दुसरे. इतरांना ही यादी पाठ करावी लागते. आपण तर स्टेशनवर जातो आणि कामावर जातो! परत येतानाही तसेच. शाळेतून येताना ते 'इझ' वापरतात आणि स्टेशनवरून येताना 'स'. आपला 'तून' आणि आपला 'वरून' यांची जोडी तंतोतंत जुळते. सगळीकडे जुळेल असे नाही, कारण आपण पोस्टात जातो आणि ते पोस्टावर जातात. तरी 'त' की 'वर' हा प्रश्न मराठीत आधी विचारून पाहणे हिताचे आहे.

तेव्हा आपला निबंध सुधारून असा झाला: 'व् भाइंदारे', 'पोमोगायू मामे', 'व् श्कोलू', 'स्प्राशिवायू उचीतेल्या', 'झ्वोन्यू द्रूगू', 'बोयूस् सोबाकी'. सहा शेवट बदलले. त्यांतला पहिला इंग्रजीने बिघडविला होता, चार 'ला'ने आणि एक 'त'ने. रशियन क्रियापद एकटे पाठ करू नये, त्याच्यापुढे आई ठेवून पाठ करावे, आणि गतीचे क्रियापद असेल तर 'कुदा' की 'ग्दे' हे विचारून मगच शेवटचे अक्षर लिहावे, एवढे माझे सांगणे आहे.