रोमन अक्षरांतलं मराठी गाणं

देवनागरी न येणाऱ्या गायकासाठी मराठी गीत रोमन लिपीत उतरवताना पहिली अडचण येते ती 'अ' आणि 'आ'ची. 'मन', 'मान' आणि 'माना' हे तिन्ही शब्द साध्या 'ए' अक्षरानं लिहिले, तर गायक अंदाजानंच गाणार. म्हणून दीर्घ स्वराच्या अक्षरावर आडवी रेघ द्यावी. अक्षर दोनदा लिहिण्याची पद्धतही आहे, पण तीत दोन 'ओ' दिसले की इंग्रजी वाचणारा 'ऊ' म्हणतो. मला रेघच बरी वाटते.

शेवटचा 'अ' मात्र कानानं ठरवावा. बोलताना आपण 'मन्' म्हणतो, पण चालीत 'न' पूर्ण म्हटला जात असेल तर तिथं 'ए' लिहायलाच हवा. नसेल तर गाळावा.

आणखी एक गोष्ट गायकाला आवर्जून सांगावी: रेघ स्वराचा उच्चार दाखवते, सुराची लांबी नाही. 'मन'मधला 'म' चार मात्रा लांबला तरी त्याचा 'मा' होता कामा नये.

कागद तयार झाला की गायकाला चालीशिवाय वाचायला सांगा. मूळ गीत न पाहिलेल्या मराठी माणसानं ते ऐकून देवनागरीत लिहावं. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहा.